जूनमध्ये आलेला भाडेकरू गणपतीत गेला

आमचा नाशिकच्या इंदिरानगरचा दोन बेडरूमचा फ्लॅट सासऱ्यांनी १ जून २०१४ ला भाड्याने दिला. एकच कुटुंब तिथे सव्वाआठ वर्षं राहिलं. माणसं सरळ होती, भाडं वेळच्या वेळी यायचं. दर अकरा महिन्यांनी एजंट नवा करार करून आणायचा आणि सासरे सही-अंगठा करून कागद कपाटात ठेवायचे. ते गेल्यावर ती फाइल माझ्याकडे आली. २०२२ च्या जुलैत भाडेकरूचा फोन आला, "वहिनी, आम्ही हा करार संपला की फ्लॅट सोडतोय." करार संपत होता ३१ ऑगस्टला. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. त्यांनी आदल्या दिवशीच सामान हलवलं आणि गणपती नव्या घरी बसवला. चावी मला मिळाली, सोबत मोदकांचा डबाही.

पंधरा दिवसांत नवा भाडेकरू मिळेल, असं मी धरून चालले होते. गणपती ९ सप्टेंबरला उठले, लगेच पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवीन घरात कोण जाणार? २६ सप्टेंबरला घट बसले तेव्हा जरा फोन वाजू लागले, पण प्रत्येकाचं एकच म्हणणं, "दिवाळी झाल्यावर बघू." मुलांच्या सहामाही परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी, मग गाव. मी एक वही ठेवली होती, त्यात येणारा प्रत्येक फोन लिहायचे. सबंध सप्टेंबरात नऊ फोन आणि बघायला आलेले दोघे. त्यातल्या एकाला दोन महिन्यांपुरतीच जागा हवी होती. दुसरा घर बघायच्या आधी छतावरचा अँटेना बघायला गेला, का ते मला आजतागायत कळलेलं नाही.

शेवटी १ डिसेंबरला फ्लॅट गेला. मी पंधरा हजार मागत होते, साडेचौदावर तुटलं. तीन महिन्यांचं भाडं पंचेचाळीस हजार, सोसायटीचा मेंटेनन्स महिना अठराशे, म्हणजे पन्नास हजार चारशे गेले. वर महिन्याला पाचशे कमी, ते वेगळेच.

एका रविवारी सासऱ्यांची फाइल काढून बसले. नऊ करार होते. पहिला १ जून २०१४ ते ३० एप्रिल २०१५. दुसरा ३१ मार्च २०१६ ला संपलेला, तिसरा फेब्रुवारी २०१७ ला, मग जानेवारी, मग डिसेंबर. दर वेळी जुना करार संपला की दुसऱ्या दिवशी नवा सुरू, आणि दर वेळी मुदत वर्षापेक्षा एक महिना कमी. त्यामुळे शेवटची तारीख दरवर्षी एक महिना अलीकडे सरकत गेली आणि नवव्या कराराला ऑगस्टअखेर येऊन ठेपली. भाडेकरू राहत होता तोवर ते कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. तारखेची किंमत तो निघाला त्या दिवशी कळली.

फ्लॅट कोणत्या महिन्यात रिकामा होतो याने इतका फरक का पडतो, हे नाशिकमध्ये राहणाऱ्याला फार समजावून सांगावं लागत नाही. आमच्या भागात भाड्याने येणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं जास्त. एक नोकरीच्या बदलीवर येणारी. विभागीय आयुक्त कार्यालय इथे आहे, मेरी ही सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, पोलीस अकादमी आहे, आरोग्य विद्यापीठ आहे, बँकांची कार्यालयं आहेत. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत कराव्यात, असं २००५ च्या बदल्यांच्या कायद्यातच आहे. बँकवाल्यांच्या ऑर्डरीही बहुतेक त्याच सुमारास निघतात. दुसरी मंडळी मुलाच्या शाळेसाठी घर बदलणारी. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे त्यांना मेमध्ये हललं म्हणजे बरं पडतं. सीबीएसईच्या शाळा एप्रिलच्या सुरुवातीलाच भरतात, म्हणून ती कुटुंबं मार्चपासून चौकशा करतात. जूनचा पहिला आठवडा गेला की ज्याला हलायचं तो हललेला असतो. जुलै-ऑगस्टला पुन्हा एक लाट येते, पण ती कॉलेजच्या पोरांची. आमच्या सोसायटीत बॅचलर चालत नाहीत, म्हणून ती माझ्या कामाची नाही. ज्यांचा फ्लॅट कॉलेजजवळ आहे आणि जे मुलांना देतात, त्यांनी माझ्या तारखा तशाच्या तशा उचलू नयेत, त्यांचा हंगाम वेगळा.

डिसेंबरमध्ये आलेला भाडेकरू अंबडच्या एका कारखान्यात मशिन शॉपमध्ये होता. बायको घरी, मुलगी दुसरीत. त्याचाही करार एजंटने सवयीने अकरा महिन्यांचाच केला, ३१ ऑक्टोबर २०२३ पर्यंत. तो संपत आला तेव्हा एजंटचा मेसेज आला, "काकू, रिन्यूअल आहे. भाडं किती लिहू?" मी आधी कॅलेंडर उघडलं. १ नोव्हेंबरपासून अकरा महिने म्हणजे ३० सप्टेंबर २०२४. पुढच्या वर्षीचा पितृपक्ष १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर. म्हणजे याने त्या वेळी सोडायचं ठरवलं, तर दोन वर्षांपूर्वीचा खेळ मी पुन्हा पहिल्यापासून खेळणार.

मी एजंटला विचारलं, अकराच महिने का? तो म्हणाला, "काकू, लिव्ह अँड लायसन्स अकराच महिन्यांचा असतो." हे मी त्याच्याकडून, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून आणि माझ्या सख्ख्या भावाकडूनही ऐकलं आहे. तसं काही नाही. नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, ती चुकवायला म्हणून अकरा महिन्यांची रीत पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे आपल्याकडे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर असते. म्हणजे ज्या खर्चाला चुकवायला अकरा महिने आले, तो खर्च अकरा महिन्यांनाही करावाच लागतो. साठ महिन्यांपर्यंत मुद्रांक शुल्काचा दरही एकच आहे, मुदतीच्या एकूण भाड्यावर ०.२५ टक्के. बिनव्याजी अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. मुदत सहा महिन्यांची लिहा नाहीतर छत्तीसची, फी तेवढीच.

मग एजंट अकरालाच का चिकटून राहतो? त्याला दर अकरा महिन्यांनी काम मिळतं. यात त्याची लबाडी आहे असं मी म्हणत नाही, त्याचा धंदाच तो आहे. पण करार किती महिन्यांचा, हा त्याने ठरवायचा विषय नाही, एवढं माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

आता मला शेवटची तारीख ठरवायची होती. पहिल्यांदा डोक्यात आलं ३१ मे, शाळा उघडायच्या आधी. वहीचं पान उलटं धरून मागे मोजत गेले तर जमेना. फ्लॅट हातात आल्यावर रंगाला आठ-दहा दिवस लागतात. नळ, गीझर, खिडकीच्या जाळ्या यांत दोन-तीन दिवस जातात. म्हणजे दाखवण्यासारखं घर १२-१३ जूनला होणार. तोवर पाऊस सुरू. ओल्या हवेत पुट्टी सुकत नाही, भिंतीला हात लावला की बोटाला पांढरं लागतं. आणि १५ जूनला ज्याच्या मुलाची शाळा आहे तो माणूस १३ जूनला घर बघत नाही, त्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यात टोकन देऊन टाकलेलं असतं. तेव्हा रिकामं घर लोक बघत असतात त्या दिवसांत हातात हवं. त्या हिशेबाने तारीख निघाली ३० एप्रिल. त्याहून अलीकडे आणता येत नव्हतं, कारण राज्य मंडळाच्या शाळांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असतात. मुलाची परीक्षा चालू असताना कुणी घर सोडत नाही, आणि सोडायला लावूही नये.

३० एप्रिल २०२४ की २०२५? पुढच्याच एप्रिलला म्हणजे सहा महिन्यांचा करार. सहा महिन्यांत हाकलणार की काय, असं कुणालाही वाटेल. १ नोव्हेंबर २०२३ ते ३० एप्रिल २०२५ म्हणजे बरोबर अठरा महिने. मी भाडेकरूला संध्याकाळी चहाला बोलावलं.

"अठरा महिने भाडं वाढणार नाही?" त्याचा पहिला प्रश्न.

"नाही वाढणार. आत्ता साडेचौदाचं पंधरा हजार दोनशे करू, मग शेवटपर्यंत तेच."

त्याच्या बायकोचा प्रश्न जास्त कामाचा होता. "काकू, हिची चौथी एप्रिलला संपेल. पाचवीला ही शाळा नाही, दुसरीकडे घालायची. म्हणजे आम्हाला तसंही तेव्हाच बघावं लागणार." त्यांची तारीख आणि माझी तारीख एकच निघाली. मुलं असलेल्या कुटुंबाच्या बाबतीत तसं होतंच बहुधा. ऑक्टोबरअखेरीला करार संपणं मला जितकं अडचणीचं, तितकंच त्यांनाही, कारण शाळेच्या अर्ध्या वर्षात मुलीला घेऊन ते जाणार कुठे? फक्त आजवर हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

यात माझं नुकसान काय झालं तेही सांगते. अकरा महिन्यांचे दोन करार केले असते, तर ऑक्टोबर २०२४ ला आणखी सातशे वाढवले असते. सात महिन्यांचे ४,९०० रुपये. तेवढ्याला मी मे महिना विकत घेतला म्हणायचं. उलट एक नोंदणी वाचली, तिची फी आणि एजंटचे पैसे वाचले. मुद्रांक शुल्काचा हिशेब एकदा कागदावर मांडला होता. १५,२०० गुणिले अठरा म्हणजे २,७३,६००. पन्नास हजार अनामतीवर दीड वर्षाचं दहा टक्क्यांनी व्याज ७,५००. एकूण २,८१,१०० वर ०.२५ टक्के, म्हणजे सातशेच्या आसपास.

शेवटची तारीख लिहून भागत नाही, हे मला एका मैत्रिणीच्या अनुभवावरून माहीत होतं. तिच्या करारात शेवट मेमध्ये होता, पण "कोणत्याही पक्षाने एक महिन्याची नोटीस देऊन" हे छापील कलमही तसंच राहिलं होतं. तिचा भाडेकरू नोव्हेंबरात नोटीस देऊन डिसेंबरात गेला. त्यात बेकायदा काहीच नव्हतं. म्हणून मी दोन गोष्टी घालून घेतल्या. पहिले बारा महिने दोघांनीही सोडायचं नाही, आणि त्यानंतर नोटीस दोन महिन्यांची. भाडेकरूने एक सवलत मागितली, ती मी दिली. कंपनीने दुसऱ्या गावी पाठवलं आणि तसं पत्र दाखवलं तर लॉक-इन लागू नाही. ज्याला नोकरीसाठी जावंच लागणार त्याला कागदाने बांधून ठेवता येत नाही. फार तर अनामतीतून महिनाभराचं भाडं कापाल आणि वर शिव्या खाल. आणखी एक ओळ होती, शेवटच्या दोन महिन्यांत रविवारी अकरा ते एक या वेळात घर दाखवू द्यायचं, आदल्या दिवशी फोन करून. या ओळीचा मला पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला.

नोंदणीला एजंटचा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशिन घेऊन घरी आला. मुदतीच्या रकान्यात त्याने बोलता बोलता ११ टाकले. मी मागे उभी राहून बघत होते म्हणून बरं. खोडून १८ केले, नोटिशीचं कलम बदललं, मसुदा आम्ही दोघांनी वाचला, मग अंगठे. भाडेकरूचा अंगठा काही केल्या घेईना. वीस वर्षं कटिंग ऑइलमध्ये घातलेले हात, अंगठ्यावरच्या रेषा पुसट झालेल्या. साबणाने धुऊन झालं, कोरडं पुसून झालं. शेवटी त्याच्या मुलीने आतून खोबरेल आणून त्याच्या बोटाला एक थेंब चोळला, पुसला, आणि मशिनवर हिरवा दिवा लागला. ती बराच वेळ स्वतःवर खूष होती.

१ मार्च २०२५ ला मी त्याला फोन केला. एप्रिलमध्ये विचारलं तर माणूस "बघतो" म्हणतो आणि महिना तिथेच जातो. तोवर त्याने पाथर्डी फाट्याला फ्लॅट बुक केला होता, ताबा एप्रिलमध्ये मिळणार होता. "तीस एप्रिलला अक्षय तृतीया आहे काकू, त्याच दिवशी जाऊ." मी म्हटलं, फारच छान. मग तेवढंच त्याच्याकडून मेसेजवर लिहून घेतलं.

मार्चच्या मध्यापासून मी फ्लॅटची जाहिरात टाकली. पहिले फोन सीबीएसईवाल्यांचे. त्यांना १ एप्रिलपासून हवा होता, ते माझ्याकडून गेले. ज्याला ही गिऱ्हाइकं धरायची आहेत त्याने मार्चअखेरची तारीख ठेवावी, पण मग आत राहणाऱ्या भाडेकरूची मुलंही सीबीएसईत असली पाहिजेत, नाहीतर तो परीक्षेमुळे अडतो. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात मात्र वहीत एकतीस फोन आहेत. सप्टेंबर २०२२ च्या नऊच्या पानाला लागूनच ते पान आहे.

आणि १२ एप्रिलला पाथर्डीच्या बिल्डरने ताबा पुढे ढकलला. लिफ्टचं काही राहिलं होतं. मेअखेरपर्यंत देतो म्हणाला. भाडेकरू घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. एजंट फोनवर मला सांगत होता, "काकू, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ आहे. मुदत संपल्यावर राहिला तर दुप्पट भाडं मागता येतं." खरं आहे ते. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. पण अर्ज, सुनावणी, तारखा यांत माझा मे-जून तर गेलाच असता. ज्या तारखेसाठी मी दीड वर्ष थांबले, ती दुप्पट भाड्याने परत येत नाही.

त्याची मागणी होती महिनाभर राहू देण्याची. मी म्हटलं, आठ दिवस. त्यावर त्याने दुसरा पर्याय काढला, "सामान एका बेडरूममध्ये ठेवतो, कुलूप लावतो, बाकी घर तुम्ही रंगवा." ऐकायला सोपं वाटतं, पण मी नाही म्हटलं. एका खोलीला त्याचं कुलूप आणि त्याची चावी असेल तर घराचा ताबा माझ्याकडे आलेलाच नाही. नवा माणूस घर बघायला आला की पहिला प्रश्न त्या कुलपाचा निघणार. शिवाय बिल्डरचा मेअखेर कधी येतो हे बिल्डरलाही ठाऊक नसतं. शेवटी त्याची मुलगी सुट्टीवरच होती, म्हणून मायलेकी सिन्नरला माहेरी गेल्या आणि सामान त्याच्या भावाच्या गोडाउनमध्ये. अक्षय तृतीयेला त्याने नव्या घरी फक्त कलश ठेवून पूजा केली. ८ मेला चावी दिली. त्या आठ दिवसांचे नेहमीच्या दराने चार हजार घेतले आणि एका कागदावर दोघांच्या सह्या केल्या, की करार ३० एप्रिललाच संपला आहे, हे आठ दिवस केवळ सामान हलवण्यापुरते आहेत, करार वाढवलेला नाही. मीटरचं रीडिंग त्यातच लिहिलं. जाताना बघितलं तर हॉलच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलीच्या उंचीच्या रेघा होत्या, प्रत्येकीपुढे तारीख. रंगाऱ्याला मी तेवढी चौकट सोडायला सांगितली. नंतर नव्या भाडेकरूच्या बायकोने ती पुसून घेतली, तिचंही बरोबरच आहे.

रंगाचं काम ९ मेला सुरू झालं आणि त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस कोसळायला लागला. आठ दिवसांचं काम बारा दिवस चाललं, दुपारी पंखे लावून भिंती सुकवल्या. एप्रिलअखेरची तारीख धरली नसती आणि हेच काम जूनवर गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार रोज यायचा. घर दाखवायचं काम मात्र त्यामुळे अडलं नाही. एप्रिलच्या रविवारी, जुना भाडेकरू राहत असतानाच, सात कुटुंबं बघून गेली होती.

त्यातली दोन खरी. एक धुळ्याहून येणारे सरकारी खात्यातले. "बदली होणार हे नक्की आहे, ऑर्डर यायची बाकी आहे," म्हणाले आणि पाच हजार टोकन पुढे केलं. दुसरे एका बँकेतले, त्यांची ऑर्डर एप्रिलमध्येच हातात होती. सरकारी गृहस्थ जास्त भाडं द्यायला तयार होते, तरी मी टोकन घेतलं नाही. बदलीची ऑर्डर कधी कधी मेच्या शेवटच्या दिवशी निघते आणि कधी निघतच नाही. निवडणुकीचं वर्ष असेल तर आणखी लांबतं. २०२४ ला मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत लोकसभेची आचारसंहिता होती, तेव्हा आमच्या शेजारच्या विंगेतला एक फ्लॅट असाच "ऑर्डर येतेय" म्हणत जुलैपर्यंत रिकामा राहिला. मी बँकवाल्यांना दिला, साडेसतरा हजार भाडं आणि साठ हजार अनामत. ते गृहस्थ धुळ्याचे खरोखर आले की नाही, ते काही मला कळलं नाही.

करार १ जून २०२५ पासून केला. एजंटने विचारलं, "अठरा?" मी म्हटलं, या वेळी अकरा. तो माझ्याकडे बघतच राहिला. १ जूनपासून अकरा महिने मोजले की ३० एप्रिल येतो. जूनमध्ये येणाऱ्या माणसाला अकरा महिने बरोबर बसतात, सासऱ्यांचा पहिला करारही तसाच होता. त्यांचं चुकलं ते दुसऱ्या कराराला. तो १ मेपासून सुरू झाला आणि त्याचेही अकराच महिने लिहिले गेले. तिथे बारा लिहायचे होते. भाडेकरू राहणार असेल तर पहिल्यानंतरचा प्रत्येक करार बारा किंवा चोवीस महिन्यांचा, म्हणजे ३० एप्रिल हलत नाही.

माझे ९ मे ते ३१ मे असे तेवीस दिवस कोरे गेले. एजंट म्हणाला २० तारखेपासूनच करार करा, दहा-बारा दिवसांचं भाडं मिळेल. पण बँकवाल्यांनाही जूनच हवा होता, आणि ओल्या भिंतींच्या घरात त्यांना घालून पहिल्याच आठवड्यात तक्रारी ऐकण्यापेक्षा ते दिवस सोडलेले बरे वाटले.

यंदा एक वेगळीच गोष्ट आहे. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. अधिक महिन्यात नव्या घरात जायला पुष्कळ लोक तयार नसतात. बदलीवाल्याला इलाज नसतो, तो येतो, पण शाळेसाठी घर बदलणारी बाई सासूला विचारून येते. म्हणजे यंदाचा हंगाम १६ मेलाच संपणार. फेब्रुवारीत मी बँकवाल्यांना फोन केला तो मनात हेच धरून. ते सोडणार असते तर मी त्यांना दहा-पंधरा दिवस आधी सोडता येईल का, असंही विचारणार होते, त्या दिवसांचं भाडं माफ करून.

"आम्ही कुठे जातोय काकू," ते म्हणाले. "मुलगा आत्ता सातवीत. दहावीपर्यंत तरी इथेच."

सोसायटीतल्या काही जणांनी मला सुचवलं की पुढच्या वर्षी सिंहस्थ आहे, फ्लॅट मोकळा ठेवा, कुंभात दिवसांच्या हिशेबाने पैसे मिळतील. पर्वणी ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ च्या. त्यासाठी मेपासून घर रिकामं ठेवायचं आणि सप्टेंबरअखेर पितृपक्षात पुन्हा भाडेकरू शोधायचा? तो महिना मी एकदा बघितलेला आहे.

परवा एजंटचा मुलगा नव्या कराराचा मसुदा घेऊन आला. १ मे २०२६ पासून, भाडं अठरा हजार दोनशे. मी चष्मा लावून मुदतीचा रकाना बघितला. अकरा.

"बारा कर," मी म्हटलं, आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेले.